निनावी अर्जावर माझी चौकशी झाली तेव्हा

वादळाने केळी आडवी झाली त्या वर्षी मी तापीकाठच्या एका सजाचा तलाठी होतो. पंचनामे आटोपल्यावर चार महिन्यांनी दोषारोपपत्र हातात पडलं. पहिला दोषारोप असा, की पंचनाम्यासाठी खातेदारांकडून पाचशे-पाचशे रुपये घेतले. दुसरा, जमिनीच्या एका गटाचा पंचनामा बांधावर न जाता लिहिला. चौकशी 1979 च्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम 8 खाली, म्हणजे नोकरीही जाऊ शकली असती. पैशांच्या दोषारोपाला आधार म्हणून दोनच कागद होते, निनावी अर्ज आणि मंडळ अधिकाऱ्यांचा 'गोपनीय' अहवाल.

निनावी अर्ज टिकणार नाही, ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे, म्हणून मी निर्धास्त होतो. बचाव सहायक म्हणून घेतलेल्या अण्णांनी, निवृत्त अव्वल कारकून ते, मला जागेवर आणलं. "भाऊ, तेवढ्यावर राहू नका. इथे पुरावा कायदा जसाच्या तसा लागत नाही." त्यांनी 1977 चा रतन सिंगचा निकाल सांगितला. हरियाणातला बस कंडक्टर. पैसे घेऊन तिकिटं दिली नाहीत असा आरोप. प्रवाशांपैकी एकालाही साक्षीला आणलं नव्हतं, फक्त तपासनीस बोलला, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्याला नोकरीवरून काढणं कायम ठेवलं. "पण तो तपासनीस स्वतः बसमध्ये चढला होता, विनातिकीट माणसं त्याने पाहिली. आपल्या साहेबांनी काय पाहिलं, एवढंच विचारायचं."

त्याआधी अहवाल मिळायला हवा होता. मागितला, तर "गोपनीय" म्हणून नकार. अण्णांनी दुसरा अर्ज लिहून दिला: प्रत द्या, नाहीतर हा कागद माझ्याविरुद्ध वापरणार नाही अशी रोजनाम्यात नोंद करा. पुढच्या तारखेला प्रत मिळाली. दीड पान. त्यात 'ग्रामस्थांत चर्चा आहे' हे वाक्य तीनदा आणि नाव एकाचंही नाही.

उलटतपासात मंडळ अधिकाऱ्यांना विचारलं, कोण म्हणालं? टपरीवर ऐकलं. कोणाचा जबाब घेतला? नाही. पैसे देताना पाहिलं? नाही. खात्याची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांनी मग एका शेतकऱ्याला उभं केलं. तो म्हणाला, "मी काय देखं नही, लोके म्हनतस."

दुसऱ्या दोषारोपात मात्र पंच आला. पोळ्याच्या दिवशी त्याच्या ओट्यावर बसून मी सही घेतली, शेतात कोणीच गेलं नाही, असं त्याने सरळ सांगितलं. ते खरं होतं. उलटतपासाला मी उठलो, पण विचारायला काही नव्हतं.

चौकशी अहवालात पैशांचा दोषारोप सिद्ध झाला नाही, पंचनाम्याचा झाला. एक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखली गेली. अपील करू का म्हणून विचारलं, तर अण्णा म्हणाले, "पोळ्याच्या सहीचं काय सांगशील?" मी अपील केलं नाही.