माटोळीतलं एक, असं दहा वेळा

"गोव्यावर यूट्यूब चॅनल काढायचं आहे. विषय नेमका कुठला धरू, व्हिडिओचा साचा कसा ठेवू आणि पहिले दहा भाग कसे ठरवू?"

गोवा हा पत्ता झाला. विषय त्याच्या बराच आत शिरल्यावर हाती लागतो. तो हाती लागला की नाही हे तपासायला मी एकच गोष्ट करायला सांगतो. कॅमेरा, माईक काहीही घेण्याआधी एका कागदावर दहा भागांची शीर्षकं लिहा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी मांडा: बोलणार कोण, चित्रण कुठे, आणि कुठल्या महिन्यात. हे तीन रकाने भरले गेले तर विषय तुमचा. पाचव्या-सहाव्या शीर्षकाला पेन अडला तर विषय एकतर फार मोठा आहे किंवा तुमच्या आवाक्यातला नाही.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाचंच उदाहरण घेऊ. राहायला डिचोली तालुक्यात. त्याने आधी 'गोव्याचं जेवण' धरलं होतं. कागदावर शागोती, खतखतें, सोलकढी, अळसाणे असं भराभर उतरलं. पण शागोतीचा व्हिडिओ बघणाऱ्याने सोलकढीचाही बघावा असं त्यात काही नव्हतं, आणि हे सगळं आधीच शेकडो जणांनी दाखवलेलं. "तुझ्या घरात असं काय आहे, जे त्यांच्याकडे नाही?" असं मी विचारलं. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "आजीला माटोळीचं सगळं माहीत आहे. कुठलं फळ कुठल्या डोंगरात मिळतं तेसुद्धा."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घड, केळी, काकड्या, चिबूड, आंबाडे आणि रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटोळी. सिंधुदुर्गात हीच माटवी. चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत म्हापसा, डिचोली, फोंडा इथे माटोळीचा बाजार भरतो. तिथे गोणपाटावर मांडलेल्या रानवस्तूंसमोर उभं राहून "हें कितें?" असं विचारणारी तरुण जोडपी दर वर्षी दिसतात. सासू-सासरे थकले, माटोळी यांच्यावर आली आणि अर्ध्या वस्तूंची ओळख नाही. चॅनलचा प्रेक्षक तो हाच. मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये माटोळी बांधणारे गोंयकार आणि बांदा-सावंतवाडीकडची माणसंही त्यात आली. म्हणून निवेदन मराठीत ठेवायचं ठरलं. आजी मात्र तिच्या कोंकणीतच बोलते आणि खाली मराठी ओळ येते. तिला मराठीत बोलायला लावलं असतं तर निम्मं सांगायचं राहून गेलं असतं.

विषय इतका आत आला की साचा फारसा शोधावा लागत नाही. एका भागात माटोळीतली एकच वस्तू. आरंभी ती वस्तू हातात, अगदी जवळून, आणि तिच्याबद्दलचा एक प्रश्न. नमस्कार, स्वागत, चॅनलचं नाव यांतलं काही नाही. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठपर्यंत टिकले त्याची रेघ दिसते आणि पहिल्या तीस सेकंदांत किती उरले तेही दिसतं. नवख्या चॅनलची ही रेघ बहुधा नमस्कारातच कोसळते, कारण तुम्ही कोण हे कळून घ्यायला कोणी आलेलं नसतं. प्रश्नानंतर ती वस्तू जिथे उगवते तिथे जायचं. मग तिच्यासारखं दिसणारं दुसरं काय आणि दोन्ही वेगळी कशी ओळखायची. मग ती आणणाऱ्या किंवा पिकवणाऱ्या माणसाचं थोडं बोलणं. आणि शेवटी ती माटोळीला बांधताना. सगळं मिळून आठेक मिनिटं.

या शेवटच्या तुकड्यावर मी सगळ्यात जास्त जोर दिला, कारण मालिका त्यानेच बांधली जाते. दृश्य प्रत्येक भागात तेच, कॅमेरा त्याच जागी, आणि दर वेळी त्यात एक वस्तू वाढलेली. पहिल्या भागाच्या शेवटी नुसता दोर दिसतो, दहाव्याच्या शेवटी भरलेली माटोळी. भाग पाचवा पाहणाऱ्याला न सांगता कळतं की याआधी काही होतं आणि पुढेही काही येणार आहे.

अडचण अशी की जुलैत बांधलेली केळी चवथीपर्यंत राहणार नाहीत. दर आठवड्याला खरोखर बांधत गेलात तर सप्टेंबरात चौकटीला कुजका माल लटकेल. म्हणून बांधण्याचं सगळं चित्रण एकाच दिवशी, आदल्या वर्षीच्या चवथीच्या वेळी करून ठेवलं. तिपाई कोपऱ्यात रोवली, जमिनीवर तिच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या, दारावर कागद लावला की इथून कोणी जाऊ नये. एक वस्तू बांधून झाली की दोन मिनिटं सगळे बाजूला, तेवढं टिपायचं, मग पुढची वस्तू. घरात उद्याच्या सणाची गडबड, त्यात हे थांबणं. मामा दोनदा वैतागला. पण त्या एका दुपारीतून दहा भागांचे दहा शेवट मिळाले. फोनच्या कॅमेऱ्यातला प्रकाश आणि रंग आपोआप बदलू नये म्हणून दोन्ही लॉक करून ठेवा. नाहीतर तुकडे ओळीने लावल्यावर भिंत कधी पिवळी, कधी निळी दिसते आणि दृश्य तेच असल्याचा भास मोडतो.

त्याच दुपारी भागांचा क्रमही ठरला, कारण माटोळी बांधायलाच क्रम असतो. आधी दोर, मग चौकट, मग वजनदार वस्तू, कारण हलक्या आधी बांधल्या तर नारळ चढवताना त्या चेंगरतात. तोच क्रम आम्ही भागांना लावला. पहिला भाग केवणीच्या दोराचा. केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झाड. त्याची साल सोलून, धागे काढून आजी मांडीवर वळते, ते पाहताना डोळा हलत नाही. दुसरा चौकटीचा. मग नारळाचा घड, सुपारीचा घड, केळीचा घड, नीरफणस. त्यानंतर चिबूड आणि आंबाडे. नववं रानवेलीचं फळ, कवंडळ. दहाव्यात तेरड्याची फुलं आणि पूर्ण बांधणी.

हा क्रम ऋतूलाही बराच जुळतो. दोर, लाकूड, नारळ, केळी यांना पावसाळ्याच्या आरंभी अडत नाही. चिबूड पुढे येतं. कवंडळ लालबुंद व्हायला चवथच जवळ यावी लागते, म्हणजे त्याच वर्षी टिपून वेळेत दाखवणं अशक्य. तेवढं आदल्या वर्षीच रानात जाऊन घेतलं. कागदावरचा महिन्याचा रकाना याचसाठी असतो. ऋतूवरचा विषय घेणाऱ्याने दाखवायचा महिना आणि टिपायचा महिना वेगळे लिहावेत.

सगळ्यात देखणं कवंडळ, मग तेच पहिल्या भागात का नाही, असं त्याने विचारलं. नव्या चॅनलचा पहिला भाग पहिल्या आठवड्यात फारसं कोणी बघत नाही. जुलैत माटोळी शोधणारेही थोडेच. चवथ जवळ आली की लोक शोधायला लागतात, आणि तेव्हा कवंडळावरून आत आलेला प्रेक्षक मागच्या दोराकडे जातो. म्हणजे लोक मालिकेत मधूनच शिरणार हे धरून चालायचं. शीर्षकात 'भाग ९' लिहायचं नाही, कारण ते वाचून नव्या माणसाला आपले आठ भाग चुकले असं वाटतं. वस्तूचं नाव सर्वांत आधी, मालिकेचं नाव शेवटी, कारण मोबाईलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. 'कवंडळ: दिसायला सुंदर, खायला नाही | माटोळीतलं एक' असं. क्रम प्लेलिस्टने सांभाळायचा.

कवंडळाच्या शीर्षकातला इशारा मुद्दाम आहे. माटोळीत बांधतात ते सगळं खाण्यासारखं नसतं. कळलावी तर चांगलीच विषारी, तिचे कंद सर्वांत जास्त. म्हणून नियम केला: औषधी उपयोग सांगायचे नाहीत, खाण्याबद्दल फक्त घरात खरोखर शिजतं तेवढंच सांगायचं. दुसरा नियम आजीचा. रानातल्या वेलाची नेमकी जागा दाखवायची नाही, गावाचं नावही घ्यायचं नाही. "उद्यां गाडयो भरून येतले," ती म्हणाली. माटोळीच्या बाजारासाठी वेल मुळासकट ओरबाडून नेलेले तिने पाहिले आहेत. मला हा नियम विषयाइतकाच मोलाचा वाटतो.

आता तारखा. चवथ २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. सणावर टेकलेली मालिका सणापासून मागे मोजत जायची. दर शुक्रवारी एक भाग धरला तर दहावा ४ सप्टेंबरला आणि पहिला ३ जुलैला येतो. ११ सप्टेंबरचा शुक्रवार जाणूनबुजून रिकामा ठेवला आहे. पावसाने चित्रण अडलं, वीज गेली, घरात कोणी आजारी पडलं तर सगळं एक आठवडा सरकेल आणि तरीही बाजार भरण्याआधी संपेल. काहीच अडलं नाही तर त्या दिवशी काही टाकायचं नाही. पहिला भाग टाकण्याआधी निदान चार भाग पूर्ण तयार हवेत, कारण जुलैतला पाऊस कोणाच्या वेळापत्रकाला जुमानत नाही.

चौथा भाग गेल्यावर एकदा बसून रेघा बघायच्या, त्याआधी नाही. एखाद्या भागात लोक मध्येच निघून गेले तर तो त्या वस्तूचा दोष असू शकतो. चारही भागांत त्याच वळणावर निघून गेले तर साच्याचा तो तुकडा लांबला आहे. तेवढाच तुकडा आखडायचा, बाकी हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. शेवटचा बांधणीचा तुकडा मात्र आकडे काहीही सांगोत, काढायचा नाही.

राहिला प्रश्न अकराव्या भागाचा, कारण माटोळी चवथीबरोबर उतरते. म्हणून चॅनलचं नाव माटोळीवरून ठेवलं नाही, ते परसातल्या आणि रानातल्या वस्तूंवरून ठेवलं. माटोळी हा त्यातला पहिला हंगाम. दुसरा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सोलं, सुकी मिरची, खारवलेले आंबे, सुकी मासळी. त्या वस्तू उन्हाळ्यातच वाळतात, म्हणून त्याचं चित्रण मार्च ते मे. त्याचा दहा ओळींचा कागद त्याने परवा माझ्याकडे पाठवला. सातव्या ओळीसमोर माणसाचा रकाना अजून मोकळा आहे. खाडीकाठच्या खाजन शेतात मीठ पिकवणारं कोणी ओळखीत असेल तर कळवा.