व्हीपीएन कनेक्ट झालं, पण ऑफिसची फाइल उघडेना

घरून काम करायला ऑफिसने वायरगार्ड हे व्हीपीएन ॲप दिलं. आमच्या नेटवर्कवाल्याने .conf फाइल पाठवली, ती ॲपमध्ये इम्पोर्ट केली, Activate दाबलं आणि Latest handshake समोर काही सेकंद दिसले, म्हणजे बोगदा तयार. तरी ऑफिसच्या सर्व्हरवरचं `\\192.168.1.20\accounts` काही केल्या उघडेना.

मग पिंग करून बघितलं. ऑफिसच्या व्हीपीएन सर्व्हरचं 10.8.0.1 लगेच उत्तर देत होतं, पण फाइल सर्व्हरला पिंग केलं की हे यायचं:

```
Reply from 192.168.1.7: Destination host unreachable.
```

गंमत अशी की 192.168.1.7 हा माझ्याच लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता! म्हणजे लॅपटॉप .20 ला घरातच शोधत होता आणि नाही सापडला म्हणून स्वतःच सांगत होता. कारण घरचा राउटर आणि ऑफिस, दोघांचंही नेटवर्क 192.168.1.x, आणि हे पत्ते इतके कॉमन आहेत की असं कुणाकडेही होऊ शकतं. नेटवर्कवाल्याला विचारून .conf मधली, कोणते पत्ते बोगद्यातून जायचे ते सांगणारी ओळ अशी बदलली:

```
AllowedIPs = 10.8.0.0/24, 192.168.1.20/32
```

/32 म्हणजे फक्त तो एकच पत्ता, आणि राउटिंगमध्ये जास्त नेमका रस्ता जिंकतो, म्हणून .20 बोगद्यातून जायला लागलं आणि फोल्डर उघडलं. पक्का उपाय म्हणजे घरच्या राउटरची रेंज बदलणं, पण मग प्रिंटर वगैरे परत जोडत बसा, ते मी टाळलं.

या ओळीनेच दुसरी गोष्ट पण कळली. व्हीपीएन चालू असताना ब्राउझरमध्ये माझा पब्लिक आयपी बघितला तर तो घरच्या इंटरनेटचाच, कारण यादीत नसलेलं सगळं बोगद्याबाहेरूनच जातं. 0.0.0.0/0 टाकलं तर सगळं ऑफिसमार्गे जाईल, पण एन्क्रिप्शन ऑफिसच्या व्हीपीएन सर्व्हरपर्यंतच, पुढे फाइल सर्व्हरपर्यंत ऑफिसचं साधं नेटवर्क.

आणि लॅपटॉपमध्येच रॅन्समवेअर शिरलं तर? मी ते फोल्डर Z: म्हणून जोडलंय, मला तिथे लिहायची परवानगी आहे, म्हणजे माझ्या लॉगिनखाली चालणाऱ्या त्या प्रोग्रॅमलाही आहे, आणि व्हीपीएन त्याचा ट्रॅफिक माझ्याइतकाच इमानदारीत पोचवणार 😅 तिथे उपयोग बॅकअपचा, तोही Z: वरून हात पोचणार नाही असा ठेवलेला. म्हणून जुने फोल्डर मी फक्त वाचण्यापुरते करून घेतले.

.conf मध्ये PrivateKey असते आणि वायरगार्ड वेगळा पासवर्ड विचारत नाही, ती फाइल ज्याच्या हाती लागली तो माझ्या नावाने आत. म्हणून मेलवर आलेली कॉपी इम्पोर्ट झाल्यावर उडवली आणि नेटवर्कवाल्याला सांगून ठेवलंय की लॅपटॉप हरवला तर आधी व्हीपीएन सर्व्हरवरून माझा पीअर, म्हणजे माझ्या लॅपटॉपची नोंद, काढ, मग बाकीचं बोलू.