कमिशन नेमकं कशावर कापता, एवढंच विचारलं होतं

जेवण विकायला डिलिव्हरी ॲपवर नोंदणी, फोटो, मेनू सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते पैशांच्या हिशेबात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सामान, गॅस, पॅकिंग आणि आपली मजुरी मिळून एका जेवणाला १०० लागतात असं धरा. कमिशन आणि त्यावरचा कर मिळून ३० टक्के. बऱ्याच जणी १०० मध्ये ३० मिळवून दर १३० लावतात. पण कमिशन खर्चावर नाही, विक्रीच्या दरावर कापतात. १३० मधून ३९ गेले की हातात ९१च. म्हणून १०० ला ०.७० ने भागायचं. दर १४३ येतो, त्यातले ४३ गेले तरी आपले १०० सुटतात.

माझा दर असाच काढलेला होता. तरी १० टक्के सूट असलेल्या ऑर्डरींचे पैसे कमी यायचे. सूट माझ्याच खात्यातून जाते हे मान्य होतं. प्रश्न एकच होता: कमिशन सुटीआधीच्या रकमेवर की नंतरच्या? मदत केंद्रात दर वेळी नवा माणूस आणि तेच ठरलेलं उत्तर, ‘करारानुसार वजावट झाली आहे.’ आठवड्याच्या हिशेबात सगळी वजावट एकाच ओळीत, त्यामुळे त्यातून काही कळेना.

शेवटी ऑर्डरवार तक्ता उतरवून घेतला आणि एकच पदार्थ असलेली, सूट लागलेली एक ऑर्डर निवडली. ग्राहकाने १४३ ऐवजी साधारण १२९ भरले होते. कमिशन त्यावर असतं तर मला ९० मिळाले असते. जमा झाले होते ८६. म्हणजे ग्राहकाने न भरलेल्या पैशांवरही कमिशन! हा हिशेब मांडून पाठवला तेव्हा कुठे ‘मूळ दरावर’ असं लेखी उत्तर आलं. ते वाचून सुटल्यासारखं वाटलं आणि संतापही आला. आता सूट द्यायचीच असेल तर ३० आणि १० मिळून ४० टक्के जाणार असं धरून मी ०.६० ने भागते, दर १६७ पडतो. एरवी सूट बंद.

पॅकिंगचं राहिलंच. ते पदार्थामागे नाही, ऑर्डरमागे मोजा: डबा, रश्श्याची वेगळी वाटी, सील, लेबल, पिशवी. एका पदार्थालाही पिशवी पूर्णच लागते, म्हणून लहान ऑर्डर अंगावर येते. किमान ऑर्डरची रक्कम ठेवाच. पॅकिंगचे पैसे बिलात वेगळे दाखवत असाल तर त्यावरही कमिशन कापलं जातं का, तेही तक्त्यात बघा.

मेसेजवरच्या ऑर्डरला कमिशन नाही, पण मी १०० लावत नाही, ११५ लावते. उत्तरं देण्यात, पत्ता विचारण्यात, पैसे आले का बघण्यात वेळ जातो. पोचवण्याचा खर्च वेगळा आणि पैसे आधी. फक्त ॲपच्या करारात ‘बाहेर कमी दराने विकू नये’ अशी अट नाही ना, हे वाचून मगच दोन दर ठेवा.