भाकरीची कड

भाकरीची कड थापताना फाटते असं सगळ्यांना वाटतं. थापताना ती फक्त दिसते. फाटायला सुरुवात झालेली असते आधीच, परातीतल्या उंड्यात. हे मत माझं नाही, आजीचं आहे, आणि आजीने ते कोणालाही न विचारता ऐकवलेलं आहे. परवा दुपारी मात्र मलाच ते ऐकवायची पाळी आली.

आमच्या वरच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलंय. ती चिपळूणकडची, तो इथलाच, सांगलीचा, ज्याला दुपारच्या डब्यात चपाती दिसली की जेवल्यासारखं वाटत नाही. तांदळाची भाकरी ती अशी करते की बघत राहावं. ज्वारीने मात्र तिला रडवलंय. जेवणं उरकून मी जरा आडवी होणार, तेवढ्यात ती ताटलीत झाकून एक भाकरी घेऊन आली. "ताई, हे असं का होतं सांगा ना." झाकण काढलं तर कड सगळीकडून फाटलेली, मे महिन्यात माणमधल्या तलावाचा तळ दिसतो तशी.

मी भाकरी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "पिठाचा डबा आण खाली."

विकतचं पीठ, पिशवी फोडून महिना होऊन गेलेला. चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, दोन थेंब गार पाणी घालून त्याची गोळी केली आणि अंगठ्याने हळूच दाबली. चारी बाजूंनी तडकली. ताज्या दळणाची गोळी अशी दाबली की पसरते, आणि कड बुजलेली राहते. हे पीठ विरी गेलेलं होतं. विरी गेलेल्या पिठाला कितीही मळा, अंगात धरून ठेवण्याची ताकदच उरलेली नसते. उन्हाळ्यात तर दळण आणून पंधरवडा झाला की मी त्याच्यावर संशय घ्यायला लागते.

गव्हाचं बरं असतं. पाणी लागलं की त्याच्या पिठात आपोआप चिकाटी तयार होते, कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारी-बाजरीत ती चीजच नाही. तिथे सगळी भिस्त पिठातल्या स्टार्चवर, आणि स्टार्च गार पाण्याला फारशी दाद देत नाही. पाणी सत्तर अंशांच्या आसपास तापलेलं असेल तर तो फुगतो, चिकट होतो, आणि मग तोच बाकीच्या पिठाला धरून ठेवतो. ताजं, बारीक दळलेलं पीठ कोमट पाण्यातही निभावून नेतं. जुन्या पिठाला आधणाशिवाय गत्यंतर नाही. आणि बारीक म्हणजे खरंच बारीक. जाडसर दळणातली कणी सावकाश पाणी पिते. मळताना उंडा छान वाटतो, थापायला घ्यावा तर मधल्या वेळात कणीने पाणी ओढून घेतलेलं असतं आणि कड कोरडी पडलेली असते. म्हणून गिरणीवाल्याला दरवेळी 'शाळू आहे, बारीक काढा' असं सांगावं लागतं. तो दरवेळी मान हलवतो. पुढचं नशीब.

खटाव तालुक्यात आजीच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चूल होती आणि चुलीसमोर लाकडी काठवट. सुट्टीत आम्ही पोरं तिच्या भोवती बसायचो ते भाकरीसाठी नाही, चानकीसाठी. शेवटच्या उंड्यातून उरलेल्या पिठाची तळहाताएवढी भाकरी, ज्याच्या नावाने होईल त्याचीच. मला माझी चानकी स्वतः थापायची असायची. मी पीठ भराभर गोळा करून काठवटीत आपटायचे, आणि आजी माझ्या हातातून उंडा काढून घेऊन त्याची बाजू मला दाखवायची. "हितं बघ. उंड्यालाच चीर हाय, मग भाकरी काय करंल?" मग ती तो उंडा तळव्याच्या टाचेने पुन्हा रगडायची, पाण्यात बोटं बुडवून, पुढे ढकलत, मागे ओढत, पुन्हा ढकलत. तिच्या अंगठ्याच्या खालचा तो मांसल भाग इतका टणक झाला होता की तिने पाठीवरून हात फिरवला तर ओरखडे उठायचे. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, हाही तिचाच कायदा. चार भाकरीचं एकदम मळून ठेवलं तर चौथ्या उंड्याचा नंबर येईपर्यंत तो वरून सुकतो. सुकलेल्या उंड्याची कड कशी राहणार?

तर परवा. पीठ टाकून द्यायला ती तयार नव्हती, आणि चार पैशांचं धान्य टाकायला मीही सांगितलं नसतं. वाटीभर पीठ घेतलं. त्यातलं अर्धं परातीत, मधे आळं करून. पाऊण वाटी पाणी चिमूटभर मीठ टाकून खळखळ उकळलं आणि त्या आळ्यात थोडं हातचं राखून ओतलं. उलथन्याच्या टोकाने ढवळलं, पाच मिनिटं झाकून ठेवलं. मग उरलेलं कोरडं पीठ त्यात मिसळून मळायला घेतलं. सगळंच पीठ उकळत्या पाण्यात का नाही, हे तिने विचारलं, कारण तांदळाची ती सगळी उकडच काढते. ज्वारीची सगळी उकड काढली की उंडा हाताला चिकटत राहतो आणि भाकरी वातड होते. कड शाबूत राहते, पण खाताना दात कुरकुरतात. अर्ध्याने अर्ध्याला धरलं की पुरे.

मळताना मी तिला घड्याळ बघू दिलं नाही. पीठ बोटांना चिकटायचं थांबतं आणि तळवा उचलला की खाली गुळगुळीत दिसतं, तेव्हा थांबायचं. मग उंडा. सगळा खेळ इथे आहे. दोन्ही तळहातांत फिरवून तो गोल करायचा, जरा चपटा करायचा आणि त्याची बाजू ओल्या बोटाने सगळीकडून पुसून घ्यायची. एक केसाएवढी चीर दिसली तरी बुजवायची. उंड्याच्या बाजूला असलेली ती केसाएवढी चीर, भाकरी वीतभर झाली की बोटभर झालेली असते. तिची चीर अशीच वाढत होती आणि ती बिचारी थापण्याला दोष देत होती.

थापण्याचंही आहेच म्हणा. उजव्या हाताची बोटं थापतात, पण डावा हात नुसता बसलेला नसतो. डाव्या तळहाताची बाजू कडेला टेकून असते. उजवा हात पीठ बाहेर ढकलतो, डावा त्याला जास्त धावू देत नाही, आणि या दोघांच्या मधे भाकरी आपली आपण फिरत राहते. कड पातळ झाली की ती आधी सुकते आणि आधी फाटते, म्हणून जोर आधी मधे द्यायचा आणि कडेवरून शेवटी हलकेच जायचं. खाली लावायचं कोरडं पीठही बेतानेच, नाहीतर तेच कडेला जमून ओल ओढून घेतं.

भाकरी तव्यावर गेली. पिठाची बाजू वर. तिच्यावरून ओला हात फिरवला, अगदी कडेपर्यंत. इथे पुन्हा एक डाव हुकतो. पाण्याची चकाकी गेली, पण ओल अजून आहे, त्या क्षणाला उलटायची. त्याच्या पुढे गेलात तर वरचा पोपडा तव्यावरच तडकतो आणि आपण म्हणतो पीठच वाईट. तिची भाकरी मी वेळेवर उलटली, मग थेट आचेवर टाकली. फुगली. पूर्ण नाही, पाऊणएक. कडेला एका ठिकाणी बारीक चीर राहिली होती, तिथून वाफ निसटली. वाफेला एवढं भोक पुरतं. पहिल्या भाकरीपुढे ही म्हणजे पुष्कळच बरी होती, पण महिन्याच्या पिठाकडून याहून जास्त मागू नये.

बाजरीचं तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, थंडीपर्यंत थांब. बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते लवकर खवट होतं, पीठ कडू लागतं. थोडं थोडंच दळून आणायचं. तिची कड ज्वारीपेक्षा हट्टी, म्हणून भाकरी जरा जाडच ठेवायची. भोगीला तीळ लावताना ते वरून हलकेच दाबायचे आणि कडेपासून लांब ठेवायचे. कडेत तीळ रुतला की चीर तिथूनच जाते.

ती गेल्यावर माझी झोप मोडलीच होती, म्हणून एक तक्रार इथेच नोंदवून ठेवते. हल्ली प्लॅस्टिकच्या दोन कागदांत भाकरी लाटतात आणि मग वर वाटी किंवा डब्याचं झाकण दाबून कड कापून टाकतात. दिसते गोल, मान्य. पण ती कड जमवलेली नसते, फाटलेला भाग पुरावा नष्ट केल्यासारखा काढून टाकलेला असतो. काही जणी ज्वारीत मूठभर गव्हाचं पीठ घालतात आणि वर सांगतात, 'आमच्या भाकऱ्या फाटत नाहीत हो.' कशा फाटतील? असल्या भाकरीला मी नावं ठेवत नाही, फक्त दुसरी वाढू देत नाही.

आजीकडे यातलं काहीच चाललं नसतं. तिच्या हातून कड फाटलेली भाकरी मी कधी पाहिली नाही. फाटल्या होत्या त्या माझ्या जन्माच्या आधी, १९७२च्या दुष्काळात. खटाव-माणमध्ये शेतात काही उगवलं नव्हतं आणि रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली आजी रात्री ते पीठ आधणात मळायची, रगडायची, उंडा पुसून घ्यायची, सगळं नेहमीसारखं. थापायला घेतलं की तुकडे. पुढे पुढे तिने थापणंच सोडलं आणि त्या पिठाची आंबील करून वाटीवाटीने वाढायला लागली. वडील तेव्हा शाळेत होते. आता सत्तरीला आलेत, तरी लालसर ज्वारीची भाकरी पानात आली की काही न बोलता ताट पुढे सरकवतात, आणि आई उठून त्यांच्यासाठी भात टाकते.