ओघळ रंगवायचे नाहीत, पुसायचे

इमारतीच्या प्रवेशदाराचं छोटं मॉडेल करतोय, त्यातल्या दारावरच्या काचेच्या छपराची, म्हणजे कॅनोपीची, चौथी काच काल रात्री जमली एकदाची! आधीच्या तीन कचऱ्यात गेल्या.

पहिली लेझर कटिंगची ॲक्रिलिक होती. धूळ दाखवणारा पातळ रंगाचा वॉश मनासारखा आला नाही म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आणि दहा मिनिटांत कडेपासून आत केसासारख्या चिरा पसरल्या. लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो, त्यावर अल्कोहोल लागलं की ॲक्रिलिक तडकतं. आता बोहरी आळीतून आणलेली 0.5 मिमीची पेट प्लास्टिकची शीट वापरतोय. माझं मॉडेल खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं, 1:24 चं आहे, त्या मापात ती बरोबर 12 मिमीची काच होते, आणि ब्लेडने सरळ कापता येते.

पुढच्या दोन काचा मात्र ओघळांनीच खाल्ल्या. दुसरीवर मातीचं पाणी सोडून ते खरोखर वाहू दिलं. वाटलं, खऱ्या पाण्याहून खरं काय असणार? पण मॉडेल लहान केलं म्हणून थेंब लहान होत नाही. माझ्याकडचा 4 मिमीचा थेंब म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ 10 सेंटिमीटरचं डबकं. साबणाचा थेंब टाकून पाहिला, तर पाणी पसरून सगळीकडे सारखाच राखाडी थर बसला. तिसरीवर बारीक ब्रशने एकेक ओघळ काढला, तर काचेवर पेन्सिलने रेघा मारल्यासारखं दिसायला लागलं.

शेवटी कर्वे रोडवरच्या एका इमारतीच्या जिन्यातून तिथली कॅनोपी वरून नीट बघितली. धूळ सगळ्या काचेवर असते. पाणी वाहतं तिथली ती धुऊन निघते. म्हणजे ओघळ ही स्वच्छ वाट असते. तिच्या दोन्ही कडांना मळाची बारीक किनार असते आणि खालच्या कडेला, थेंब लोंबकळून वाळतात तिथे, सगळ्यात दाट पट्टा.

मग चौथ्या काचेवर रॉ अंबर आणि पांढरा ऑइल कलर अगदी पातळ लावला, वीस मिनिटं थांबलो आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरड्या केलेल्या चपट्या ब्रशच्या कोपऱ्याने वरून खाली एकेक वाट पुसली. ब्रश जरा जरी ओला राहिला तरी वाट फुगते. प्रत्येक ओघ बोल्टच्या टोपीपासून किंवा भिंतीकडच्या सिलिकॉनच्या सांध्यापासूनच सुरू केला. अधांतरी सुरू झालेला ओघ लगेच खोटा वाटतो.

ब्रॅकेट मागच्या वेळचेच, 0.4 मिमी पितळी पट्टीचे. काच बसवताना सुपरग्लू टाळला, त्याच्या वाफेने कडा पांढुरक्या पडतात, पीव्हीए गोंद लावला. दिवा वरून धरला तर ब्रॅकेटच्या आणि ओघळांच्या सावल्या पायरीवर एकत्र पडतात. काल पंधरा मिनिटं मी नुसतं तेच बघत बसलो होतो.

खरं तर आता दरवाज्याकडे वळणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं, वरच्या मजल्यावर एसीचा पाइप बसवला तर त्याच्याखाली एकच रुंद, कायम ओला ओघ दाखवता येईल. तो मात्र पुसायचा नाही, ग्लॉस वार्निशने ओढायचा. दरवाजा थांबेल.