वरच्या हवेचा हिशेब

विमानं एवढ्या उंचावरून का जातात, असं कुणी विचारलं की उत्तर तयारच असतं. वर हवा विरळ, म्हणून अडथळा कमी, म्हणून इंधनाची बचत. वर ढग आणि वादळं बहुतेक खालीच राहतात, ही पुस्ती जोडली की विषय संपतो. मला मात्र या उत्तरात एक गोम दिसते. जी हवा विमानाला अडवते, तीच त्याला तोलूनही धरते. अडवणारी हवा कमी झाली तर तोलणारीही कमीच होणार. मग फायदा नेमका कशातून निघतो?

आकडे घेऊनच बघू. दोन इंजिनांचं, मधल्या पल्ल्याचं, ६५ टनांचं एक विमान धरा. ते ३५,००० फुटांवर आहे. (बहुतेक जग मीटरवर गेलं तरी वैमानिक उंची बहुतेक ठिकाणी फुटांतच मोजतात.) तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या ३१ टक्के, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला असेल, तर वेग वाढला की वारा हाताला किती झटकन जास्त रेटतो ते ठाऊक असेल. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. त्यामुळे घनता ३१ टक्क्यांवर आली, तरी विमानानं १.८ पट वेगानं जावं, म्हणजे पंखांना पूर्वीइतकाच वारा लागतो. जमिनीलगत ताशी ४६० किलोमीटरनं उडताना पंखांना जी उचल मिळेल, तीच ३५,००० फुटांवर ताशी ८३० किलोमीटरला मिळते.

गंमत पुढे आहे. उचल तेवढीच, पंखांचा कोन तोच, म्हणून हवेचा अडथळाही तेवढाच! चांगल्या पंखांच्या विमानाला वजनाच्या साधारण सतराव्या हिश्श्याइतका अडथळा सोसावा लागतो. आपल्या ६५ टनांच्या विमानाला तो पावणेचार टनांच्या आसपास पडेल, खाली ४६० च्या वेगाला आणि वर ८३० च्या वेगालाही. किलोमीटरमागे विमानाला ओढून नेण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच. म्हणजे ‘वर अडथळा कमी’ हे ठरलेलं उत्तर अर्धंच खरं. वर मिळतो तो वेग, आणि तोही अडथळ्यात भर न पडता. दोन हजार किलोमीटरचं अंतर खालून सव्वाचार तासांहून जास्त घेईल, वरून ते अडीच तासांच्या आत कापून होतं.

खालीच ८३० नं जायचा हट्ट धरला तर अडथळा पावणेदोनपट ते दुप्पट होतो. पण तो हट्ट पुरवताही येत नाही. ए३२० सारख्या विमानाला खालच्या दाट हवेत ३५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ६५० किलोमीटरच्या पुढे जायची मुभाच नाही. वारा विमानाच्या अंगाला झेपणार नाही. वर ८३० नं जाताना मात्र कॉकपिटमधला वेगदर्शक ताशी पाचशेच्याही आत असतो. हे यंत्र वाऱ्याचा दाब मोजतं, आणि दाबाच्या लेखी विमान अगदी सावकाश चाललेलं असतं.

तरी किलोमीटरमागची मेहनत सारखीच असेल, तर इंधन का वाचतं? ते इंजिनामुळे. उड्डाणाच्या वेळी या विमानाची दोन इंजिनं मिळून चोवीस टनांपर्यंत रेटा देतात. तेवढा लागतोच, कारण धावपट्टीवर ऐनवेळी एक बंद पडलं तरी उरलेल्या एकानं विमान वर न्यायचं असतं. पण एकदा आकाशात गेल्यावर गरज पावणेचार टनांची. खाली राहिलं तर ही दांडगी इंजिनं आपल्या ताकदीच्या सहाव्या हिश्श्यावर कुथत बसतील, आणि जेट इंजिन अशा मंद चालीला रेट्याच्या मानानं इंधन फार खातं. उंचावर विरळ हवेमुळे त्याची ताकद आपोआप घटते. ३५,००० फुटांवर दोन्ही मिळून पाच टनांच्या आसपास देऊ शकतात. आता पावणेचार टनांसाठी त्यांना ताकदीच्या पाऊण हिश्श्यावर फिरावं लागतं, आणि याच चालीला ती सगळ्यात काटकसरी असतात.

थंडीही त्यांच्या पथ्यावर पडते. जेट इंजिन आधी हवा दाबतं, मग तिच्यात इंधन जाळतं. थंड हवा तेवढ्याच पटीनं दाबायला कमी कष्ट पडतात. बाहेर उणे ५४ अंश असणं प्रवाशाला ऐकूनच हुडहुडी भरवतं, इंजिनाला मात्र ते मानवतं.

असं असेल तर आणखी वर का नाही? इथे तीच थंडी उलटते. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. जमिनीवर १५ अंशांना तो ताशी १,२२५ किलोमीटर, उणे ५४ ला १,०६७. आपलं विमान त्याच्या ७८ टक्क्यांवर आलेलंच आहे. पंखावरून वळसा घेणारी हवा विमानाहूनही वेगानं पळते, त्यामुळे तिथे काही भागात आवाजाची मर्यादा आधीच ओलांडलेली असते. वेग आणखी वाढवला तर तिथल्या आघातलहरी बळावतात, अडथळा एकदम चढतो आणि विमान थरथरू लागतं. वर जावं तर हवा विरळ, म्हणून वेग वाढवणं भाग, आणि वेगाला तर वरून छत. वेगाची खालची मर्यादा, जिच्याखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत, आणि वरची मर्यादा अशा जवळ येत जातात. त्या जिथे भेटतात त्या टोकाला वैमानिक कॉफिन कॉर्नर म्हणतात. प्रवासी विमान तिथवर जात नाही. वळताना किंवा हवेचा झटका बसल्यावर पंखांना जास्त भार उचलावा लागतो, त्यासाठी ऐसपैस अंतर राखलेलं असतं.

उंचीची किंमत विमानाच्या सांगाड्यालाही मोजावी लागते. बाहेरचा दाब जमिनीवरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी, आत मात्र माणसांना श्वास घेता यावा म्हणून फार तर ८,००० फुटांवरच्या डोंगराइतकी हवा. त्या फरकानं खिडकीच्या एकेका काचेवर चारशे किलोंच्या वर भार पडतो. खिडकीत तळाशी सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक असतं. त्यातून आतली हवा दोन काचांच्या मधे जाते आणि सगळा भार एकट्या बाहेरच्या काचेवर येतो. आतली राखीव राहते. कधी त्या भोकाभोवती हिमाच्या सुयांची छोटीशी रांगोळी उमटते. मी ती बघण्यासाठीच खिडकीकडची जागा मागतो.

शिवाय योग्य उंची ठरलेली नसते, ती वजनाबरोबर सरकते. तीनशे टनांचं लांब पल्ल्याचं विमान ३१,००० फुटांवर निघालं असं समजा. वाटेत ६३ टन इंधन जळलं, म्हणजे वजन २१ टक्क्यांनी घटलं. आता त्याच वेगाला, पंखांच्या त्याच कोनाला २१ टक्के विरळ हवा पुरते, आणि ती ३७,००० फुटांवर असते. आदर्श वाट म्हणजे रात्रभर हळूहळू चढत जाणं. पण समोरून येणारी विमानं हजार फुटांच्या अंतरानं मधल्या थरांत असतात, म्हणून दोन-दोन हजार फुटांच्या पायऱ्यांनी चढावं लागतं, आणि प्रत्येक पायरीला नियंत्रकाची परवानगी हवी. वरच्या थरात आधीच कुणी असेल तर ती मिळत नाही. मग वैमानिक अर्ध्या तासानं पुन्हा विचारतो, आणि तोवर हलकं झालेलं विमान नको तेवढ्या दाट हवेत जादा इंधन जाळत राहतं.