प्लगच्या खळग्यातलं पाणी

मुंबईत हिंदमाताच्या जवळ माझं गॅरेज. रात्री पाऊस कोसळला की सकाळी शटर उघडायच्या आत चार-पाच गाड्या ढकलत आणलेल्या असतात. हात लावण्याआधी मी एकच विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? एअर फिल्टरपर्यंत आलं असेल तर सेल्फही नाही आणि किकही नाही. सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. लोक मात्र बॅटरी बसेपर्यंत सेल्फ दाबून मगच येतात.

पेपर टाकणाऱ्या काकांची गाडी बुडाली नव्हती. चाळीसमोर रात्रभर पावसात उभी होती, एवढंच. पहाटे लाइनवर निघायच्या वेळीच ती अडली. पेट्रोल येत होतं, बॅटरी ठीक होती. मी जुना स्पार्क प्लग काढला, नवा बसवला, दुसऱ्या किकला चालू. काका खूश, मीही.

आठवड्याने पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. काका म्हणाले, "दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने कॉइल बदलायला सांगितलंय." तपासल्याशिवाय कॉइल बदलायला सांगणाऱ्यांची मला चीड येते. पण मीही प्लग तसाच बदलला होता.

या वेळी प्लगवरची कॅप उपसून आधी टॉर्च मारला. प्लग ज्या खळग्यात बसतो तिथे चमचाभर पाणी साचलेलं. ते वाहून जावं म्हणून या गाडीच्या इंजिनच्या हेडला बाजूने एक बारीक भोक असतं. ते चिखलाने आणि ऑइलच्या काटाने पक्कं बुजलेलं. साचलेल्या ओलीतून करंट बाहेरूनच हेडला उतरत होता, प्लगच्या टोकाशी ठिणगी पडणार कशी? प्लग बदलताना मी फडक्याने खळगा पुसला होता. गाडी त्या पुसण्याने चालू झाली होती, नव्या प्लगने नाही.

सायकलच्या स्पोकने भोक मोकळं केलं, हवा मारली, पाणी ओतून ते खालून गळतंय ना ते बघितलं. कॅप बसवून गाडी चालू केली, शटर अर्धं ओढून अंधार केला आणि कॅपवर पाण्याचा फवारा मारला. कॅपच्या बुडाशी निळ्या ठिणग्या नाचायला लागल्या, इंजिन अडखळलं. रबर तडकलं होतं. कॅप वायरवरून फिरवून काढली, तांब्याचं टोक हिरवं पडलेलं. अर्धा सेंटीमीटर वायर कापली, नवी कॅप बसवली, पुन्हा फवारा मारला. इंजिन जराही अडखळलं नाही.

प्लगचे पैसे काकांना परत दिले. ते घेत नव्हते, खिशात कोंबले. जुना प्लग मात्र मी ठेवून घेतलाय. तो साफ करून माझ्या स्वतःच्या गाडीला लावला, अजून चालतोय. या पावसाळ्यात असे आणखी किती चांगले प्लग मी भंगारात टाकले, ते आठवायचा प्रयत्न करतोय.